डोकं शाबूत, छाती उघडी

पिसं उपटणाऱ्या पोपटाकडे बघताना पक्ष्यांचे अनुभवी डॉक्टर आधी त्याच्या डोक्याकडे बघतात. छाती सोललेल्या कोंबडीसारखी दिसत असेल, मांड्या उघड्या पडल्या असतील, पंखांखाली लव तेवढी उरली असेल, पण डोक्यावरची पिसं नीटनेटकी असतील, तर हा उद्योग पोपटाच्याच चोचीचा. स्वतःच्या डोक्यापर्यंत कोणत्याही पक्ष्याची चोच पोचत नाही. डोक्यावरचीही पिसं गेली असतील तर संशय दुसरीकडे वळतो. पिंजऱ्यातला जोडीदार ती उपटत असेल, किंवा पिसं आणि चोच यांची वाढच बिघडवणारा सर्कोव्हायरस अंगात असेल. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या काकाकुवांमध्ये वर्णन झालेला हा रोग आज जगभरच्या पाळीव पोपटांत आढळतो. रक्त आणि पीस यांच्या पीसीआर तपासणीत तो सापडतो.

पण डोकं शाबूत आहे एवढ्यावरून ‘याला कंटाळा आलाय’ असं म्हणता येत नाही. चूक नेमकी इथे होते. घरचे दोन खेळणी आणतात, शेजारी जोडीदार आणायचा सल्ला देतात आणि सहा महिन्यांनी पोपट आणखी उघडा पडलेला असतो. दुखरी जागा चोचीने कुरतडणं हा पक्ष्याचा स्वभावच आहे. पोटात, फुप्फुसांच्या हवापिशव्यांत किंवा यकृतात काही बिघडलं तरी तो वरची पिसं उपटू शकतो. गॅल्व्हनाइज्ड पिंजऱ्याचा जस्ताचा मुलामा चाटून चाटून विषबाधा होते, तिच्यातही हे दिसतं. कॉकॅटिलच्या आतड्यात जिआर्डिया नावाचा सूक्ष्म परजीवी असेल तर खाज सुटते असं अनेक डॉक्टर सांगतात. वर्षानुवर्षं नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटात ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडून कातडी कोरडी आणि खरखरीत होते. घरात कुणी तंबाखू मळत किंवा सिगारेट ओढत असेल, तर त्या बोटांवरचा निकोटीनही पोपटाच्या अंगाला लागतो.

एक उदाहरण घेऊ. हा कोणी एक पक्षी नव्हे, दवाखान्यात वरचेवर येणाऱ्या अनेकांचं मिळून काढलेलं चित्र आहे. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधला पाच वर्षांचा आफ्रिकन ग्रे. खाणं म्हणजे सूर्यफुलाच्या बिया, मारी बिस्किट आणि अधूनमधून मिरची. पिंजरा हॉलमध्ये, दाराच्या अगदी समोर. टीव्ही बंद होतो रात्री साडेअकराला, आणि सकाळी सहाला दूधवाल्याची बेल वाजते. दिवाळीआधी घराला रंग लागला. त्यानंतर छातीवरची राखाडी पिसं पिंजऱ्याच्या तळाशी पडू लागली. घरातले ओरडले, ‘ए, नको रे!’ की तो थांबायचा, बघायचा आणि परत सुरू. त्याच्या दृष्टीने पीस उपटलं की सगळं घर त्याच्याकडे वळत होतं, ही कमाईच होती.

डॉक्टर आधी तळाशी पडलेली पिसं मागवतात. मुळासकट आलेली पिसं उपटलेली असतात. मधेच तुटलेली, टोकं दातेरी झालेली पिसं चावलेली असतात. कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ते उपटलं की थेंब दिसतो आणि पक्ष्याला दुखतं. मग वजन, विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, रक्तातल्या पेशी, यकृत-मूत्रपिंडाची रसायनं, जस्त आणि शिसं, सर्कोव्हायरस आणि बोर्नाव्हायरस. जस्ताच्या चाचणीत एक बारकी अडचण आहे. साध्या नळीच्या रबरी बुचातलं जस्तच रक्तात उतरतं आणि धडधाकट पक्ष्याला विषबाधा झाल्याचा अहवाल येतो. म्हणून हा नमुना जस्तविरहित नळीतच घ्यावा लागतो. एक्स-रेमध्ये पोटात धातूचा तुकडा दिसला तर मात्र शंकेला जागा उरत नाही.

आपल्या ग्रेचे हे सगळे अहवाल चांगले आले असं धरू. आता पाळी कातडीची.

पिसं उपटणाऱ्या पोपटाची बायॉप्सी करताना कातडीचा एक तुकडा घेऊन भागत नाही, दोन लागतात. पक्ष्याला भूल देऊन काही मिलिमीटर व्यासाचा एक गोल तुकडा उघड्या जागेतून, पिसाच्या मुळासकट काढतात, आणि दुसरा जिथपर्यंत चोच पोचत नाही अशा निरोगी जागेतून. पोपटाची कातडी कागदासारखी पातळ असते, कापली की लगेच गुंडाळते. म्हणून आधी तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून मग पट्टीसकट तुकडा काढायची युक्ती वापरतात.

दुसरा तुकडा हवा, कारण उघड्या जागेतली कातडी बहुधा सुजलेलीच असते. चोचीने खरवडलं की सूज येणारच. ती सूज आधी होती म्हणून पोपटाने उपटलं, की उपटलं म्हणून ती आली, हे त्या एका तुकड्यावरून कळत नाही. निरोगी जागेतल्या कातडीला चोच लागलेलीच नसते. तिथेही रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट पेशी जमलेल्या दिसल्या, तर आजार अंगभर आहे आणि पिसं उपटणं हा त्याचा परिणाम आहे. निरोगी तुकडा स्वच्छ असेल आणि उघड्या तुकड्यात फक्त व्रण असतील, तर सगळी इजा चोचीनेच केलेली आहे.

मायकेल गार्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पिसं उपटणाऱ्या ४०८ पक्ष्यांच्या अशा बायॉप्सी प्रसिद्ध केल्या. २१० पक्ष्यांत दाहक त्वचारोग निघाला आणि १९८ पक्ष्यांत नुसती इजा. म्हणजे जवळपास निम्मे-निम्मे! मकाव आणि अ‍ॅमेझॉन पोपट दाहाच्या बाजूला जास्त होते, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे इजेच्या बाजूला. ‘पोपट कंटाळलाय’ हे घरबसल्या केलेलं निदान या आकड्यांपुढे नाणं उडवून दिलेल्या कौलापेक्षा फारसं बरं ठरत नाही.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. दाह आहे एवढं ती सांगते, तो कशाचा हे सांगत नाही. आणि ‘इजा’ म्हणजे ‘कंटाळा’ असंही नाही. आतलं दुखणं सोसणारा पक्षीही निरोगी कातडीवरची पिसं उपटतो, म्हणून रक्त आणि एक्स-रे आधी.

दाह निघाला की घरचे विचारतात, ‘मग अ‍ॅलर्जीची टेस्ट करा ना.’ माणसांत आणि कुत्र्यांत कातडीत थोडं थोडं परागकण, धूळकिडा वगैरेंचं द्रावण टोचतात आणि गांधी उठते का ते बघतात. चाचणी नीट चालली आहे याची खात्री म्हणून सोबत हिस्टामिन टोचतात. त्याची गांधी उठलीच पाहिजे. पोपटांचा घोळ इथेच आहे. हिस्पॅनिओलन अ‍ॅमेझॉन जातीच्या पोपटांवर ही पद्धत करून पाहिली गेली तेव्हा हिस्टामिनची प्रतिक्रियाच भरवशाची मिळाली नाही. ज्याची गांधी हमखास उठायला हवी तीच नीट उठत नसेल, तर बाकीच्यांच्या न उठण्याला अर्थ काय? पर्याय म्हणून कोडीनचा वापर झाला आहे, पण घरच्या पोपटाच्या उपचारासाठी या चाचणीवर पैसे घालवू नयेत. त्यापेक्षा संशयित गोष्ट काही आठवडे काढून टाकून पाहणं स्वस्त आणि खात्रीचं: अगरबत्ती, रूम फ्रेशनर, एखादं ठरावीक धान्य. एक लक्षात ठेवावं, घरातलं खाजेचं मलम पोपटाला लावू नये. पिसं चिकट होतात, तो ते चाटतो, आणि त्यात स्टिरॉइड असेल तर पक्ष्याची प्रतिकारशक्ती खचते.

आपल्या ग्रेच्या बायॉप्सीत निरोगी तुकडा स्वच्छ निघाला. आता कुठे कंटाळ्याकडे वळायला हरकत नाही.

कंटाळा म्हणजे नेमकं काय, याचं चांगलं उत्तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातून आलं. जंगलातला अ‍ॅमेझॉन पोपट दिवसाचे चार ते सहा तास अन्न शोधण्यात आणि सोलण्यात घालवतो. पिंजऱ्यातल्या वाटीवर तेच काम तासाभरात उरकतं. चेरिल मीहान आणि सहकाऱ्यांनी १६ तरुण नारंगी पंखांच्या अ‍ॅमेझॉन पोपटांचे दोन गट केले. एका गटाला साधा पिंजरा दिला. दुसऱ्याला अन्न मिळवण्यासाठी चावावं, उघडावं, निवडावं लागेल अशी साधनं आणि चढायला-झुलायला वेगवेगळ्या गोष्टी दिल्या, त्याही बदलत्या. ४८ आठवडे पिसांना गुण दिले गेले. साध्या पिंजऱ्यातल्यांची पिसं खराब होत गेली, दुसऱ्यांची टिकली. नंतर साध्या पिंजऱ्यातल्या पोपटांनाही तीच साधनं दिली, तेव्हा त्यांची पिसं सुधारली. नेदरलँड्समधल्या युट्रेक्टमध्ये आधीच पिसं उपटणाऱ्या ग्रे पोपटांना भोकं असलेल्या नळीतून एकेक दाणा काढायला लावला, तेव्हा त्यांच्यातही फरक पडला. या दोन्ही ठिकाणी खेळण्यांची रास लागली नाही. पोपटाला जेवणासाठी काम मिळालं.

म्हणून कोथरूडच्या ग्रेची वाटी हळूहळू कमी करायची. बियांऐवजी पोपटांच्या पेलेट्स, गाजर, लाल भोपळा, पालेभाजी यांच्यावर आणायचं, पण एकदम नाही, रोज वजन करत, कारण हट्टी ग्रे उपाशीही राहतो. पेलेट्स कागदाच्या पुडीत बांधायच्या, पुडी करवंटीत खोचायची. मटारच्या शेंगा आणि मक्याचं कणीस सालासकट टांगायचं. पिंजरा दारासमोरून हलवून त्याची पाठ भिंतीला लावायची. संध्याकाळी सातला कापड टाकून दहा ते बारा तास अंधार. ग्रे हा मध्य आफ्रिकेतल्या दमट जंगलातला पक्षी, एसीच्या कोरड्या खोलीत त्याला दिवसाआड साध्या पाण्याचा फवारा लागतो. आणि त्याने पीस उपटलं की घरातल्या कुणीही वर बघायचं नाही. लक्ष द्यायचं ते तो पुडी फाडत असताना.

गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालावी का, हेही विचारलं जातं. मांसापर्यंत जखम झाली असेल तर हो, तात्पुरती. नाहीतर ती पीस वाचवते आणि पक्ष्याची घालमेल वाढवते. सगळं करूनही सुधारणा नसेल तर माणसांच्या मानसोपचारातलं क्लोमिप्रामिनसारखं औषध डॉक्टर वापरतात. काकाकुवांत त्याचा उपयोग झालेला आहे.

दर रविवारी त्याच उजेडात, त्याच बाजूने छातीचा एक फोटो काढून ठेवावा, कारण रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही. उपटलेल्या जागी नवं पीस यायला काही आठवडे लागतात. मधेच कापलेलं किंवा चावलेलं पीस मात्र पुढच्या पीसगळतीपर्यंत तसंच राहतं. म्हणून तीन महिन्यांच्या आत ‘काही फरक नाही’ म्हणू नये. आणि ज्या पिसाचं मूळ वर्षानुवर्षांच्या उपटण्याने व्रणाखाली गाडलं गेलं आहे तिथे, खरं कारण सापडून दूर झालं तरी, पीस पुन्हा उगवत नाही.