फोडणीची पोळी कोरडी का होते?

रात्रीच्या चार पोळ्या उरल्या की सकाळी दोघांचा नाश्ता होतो. पण अनेक घरांत फोडणीची पोळी घशाला टोचते किंवा तिचा गिचका होतो. दोन्हीचं मूळ पाण्यात आहे.

शिळी पोळी कडक होते ती नुसती वाळल्यामुळे नव्हे. कणकेतला शिजलेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट होतो. त्याला थोडं पाणी आणि वाफ मिळाली की तो परत मऊ पडतो. म्हणून पोळी तेलात नुसती परतत राहिलं तर ती आणखी कडक होते.

आधी पोळ्या हातानेच कुस्कराव्यात, नखाएवढे तुकडे होतील इतपत. मिक्सर फिरवलाच तर एखाद-दुसरा झटका पुरे, कारण पीठ झालं की पाण्याचा हबका बसताच गोळे होतात. कढईत दोन टेबलस्पून तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी, मग शेंगदाणे खमंग परतून हिंग, कढीपत्ता आणि दोन हिरव्या मिरच्या घालाव्यात. मागोमाग दोन मध्यम कांदे बारीक चिरून टाकावेत. हळद कांद्यावर घातली तर जळत नाही.

कांदा लाल करू नये. तो पारदर्शक झाला की थांबावं, कारण त्याच्यातला ओलावा पोळीला हवा असतो. आता कुस्करा, मीठ आणि चिमूटभर साखर घालून हलवावं. पोळीत मीठ असतंच, तेव्हा हात आखडता ठेवावा. दोन-तीन चमचे पाणी हाताने शिंपडून मंद आचेवर तीन मिनिटं झाकण ठेवावं. पाण्याऐवजी ताक शिंपडलं तर छान आंबटपणा येतो, मला तेच आवडतं. एक तुकडा चिमटीत दाबून पाहावा: मोडला तर आणखी हबका द्यावा, दबून मऊ लागला तर झाकण काढावं. त्यानंतरची दोन मिनिटं न हलवता ठेवली की तळाला खरपूस थर धरतो. वर कोथिंबीर आणि लिंबू.

भाताची फोडणी हीच, पण गार भाताची ढेकळं ओल्या हाताने आधी मोकळी करावीत. पाणी अगदी नावापुरतं.

भाताच्या बाबतीत एक काळजी मात्र घ्यावीच लागते. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहू शकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष फोडणीच्या आचेने नष्ट होत नाही. वासावरूनही ते कळत नाही. त्यामुळे भात शिजल्यावर तास-दोन तासांच्या आत भात पसरट भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच संपवावा. बाहेर राहिलेला भात फोडणीला घेऊ नये.