पाच टक्क्यांची भिंत

ऑरोव्हिलमधल्या विकास वसाहतीत एक चार मजली इमारत आहे. तिच्या तळघरासाठी जी माती खणली, तिचेच ठोकळे पाडून वरच्या भिंती बांधल्या. माती आणायला ट्रक लागला नाही आणि भाजायला भट्टीही लागली नाही. 1989 साली सुरू झालेल्या तिथल्या ‘अर्थ इन्स्टिट्यूट’ने हे तंत्र देशभर नेलं. माती दाबून ठोकळे पाडणारं, हाताने चालणारं पहिलं गाजलेलं यंत्र मात्र त्याआधीचं. ते राउल रामिरेझ यांनी 1950च्या दशकात कोलंबियात तयार केलं.

‘ऑरम’ हे ऑरोव्हिलचं स्वतःचं यंत्र. लोखंडी साचा, वर झाकण आणि माणसाच्या उंचीहून लांब दांडा, एवढाच त्याचा पसारा. चाळलेल्या मातीत आधी कोरडं सिमेंट कालवतात, मग पाणी शिंपडतात. मोजून घेतलेली माती साच्यात पडली की झाकण लागतं, दांडा खाली ओढला जातो आणि झाकण उघडून ठोकळा वर येतो. कडा अशा धारदार की हात लावायलाही भीती वाटावी.

खरी कसोटी मात्र यंत्राच्या अलीकडे, मिश्रण करणाऱ्याच्या मुठीत असते. तो ओलसर मातीचा लाडू वळतो आणि छातीच्या उंचीवरून खाली टाकतो. चार-पाच तुकडे झाले तर पाणी बरोबर. भुगा झाला तर कमी, चपटा गोळा राहिला तर जास्त. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाच्या आत तो घाणा संपवावा लागतो, नाहीतर सिमेंट साच्याबाहेरच धरू लागतं. एवढ्या साध्या गोष्टीवर भिंतीचं आयुष्य ठरतं, आणि घाईच्या कामावर नेमकी तीच पहिली सुटते.

नेहमीचा ठोकळा 29.5 बाय 14 बाय 9 सेंटिमीटरचा, वजनाला सुमारे सात किलो. त्यात पाच टक्के सिमेंट म्हणजे साडेतीनशे ग्रॅम. 50 किलोच्या एका पोत्यात साधारण 140 ठोकळे निघतात. आकाराने तो दोन भाजक्या विटांएवढा. भट्टीत लाख विटांना 15 ते 20 टन कोळसा जळतो, म्हणजे दोन विटांना तीन-चारशे ग्रॅम. तेवढ्या कोळशातून निघणारा कार्बन डायऑक्साइड ठोकळ्यातल्या सिमेंटमागच्या वायूच्या जवळपास दुप्पट भरतो. फायदा इथे आहे, पण तो निसटायलाही वेळ लागत नाही. सिमेंट दहा टक्क्यांवर नेलं की हिशेब विटेच्या बरोबरीला येतो. मग उरते ती फक्त मातकट रंगाची हौस.

फळ्यांच्या साच्यात धुमसाने ठोकून उभारलेल्या भिंतीलाही हाच हिशेब लागू आहे. तिथे ओलसर मातीचा सुमारे वीतभर थर टाकून तो ठोकून घट्ट करतात, मग पुढचा थर. भूतानमधली जुनी घरं अशीच, सिमेंटशिवाय उभी आहेत. खाली दगडी जोतं आणि वर लांब पुढे आलेलं छप्पर. आपल्या गढ्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींनाही माथा झाकलेला होता तोवर काही झालं नाही. छप्पर गेलं आणि त्या खचायला लागल्या. लडाखच्या कोरड्या हवेत मातीच्या भिंती पिढ्यान् पिढ्या टिकल्या, पण ऑगस्ट 2010च्या ढगफुटीत लेहमधली कित्येक मातीची घरं चिखल झाली.

महाराष्ट्रात अडचण पायाखालीच आहे. दख्खनची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिचा ठोकळा नुसत्या सिमेंटने शहाणा होत नाही. तिथे चुना लागतो, भरपूर रेती किंवा मुरूम मिसळावा लागतो आणि ते दुरून आणायचं तर ‘जागेवरची माती’ हा मुद्दाच संपतो. तांबडी, रेतीमिश्रित, थोडी चिकट माती असेल तिथे काम जमतं. ढोबळमानाने रेती निम्मी आणि चिकणमाती पाचव्या हिश्शाच्या आसपास असावी. कोकणात आडव्या पावसाचा मारा आहे आणि जांभा हाताशी आहे; तिथे उघड्या मातीच्या भिंतीचा हट्ट कशाला धरायचा?

दुसरी अडचण ओल. भिजलेल्या ठोकळ्याची ताकद कोरड्याच्या जवळपास निम्मी होते, म्हणून चाचणी भिजवूनच करायची. जोतं उंच हवं, त्यावर ओल अडवणारा थर हवा, वळचण बाहेर काढलेली हवी. ठोकळे ताजे असताना उन्हात वाळवले तर ते कायमचे कच्चे राहतात. आधी झाकून ठेवायचे, मग पाणी मारत राहायचं, आणि बांधकामाला हात 28 दिवसांनी.

तेव्हा ठेकेदाराशी बोलण्याआधी आपल्या जागेतली माती हातभर खोल खणून काढा, काचेच्या बाटलीत पाण्यासोबत हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाला रेतीचा थर जाड दिसला तर चार ठोकळे पाडून, पुरते मुरू देऊन, भिजवून तपासून घ्या. पाच-सहा टक्के सिमेंटमध्ये ते टिकले नाहीत, तर तुमच्या जागी मातीची भिंत बांधू नका.