दोन उतार, एकच उंची

x² या फलनाचे वजा एकपासून एकपर्यंत संकलन करायचे आहे. बारावीचा विद्यार्थी शिकवल्याप्रमाणे x² च्या जागी u लिहितो आणि सीमा बदलायला घेतो. x वजा एक असताना u ची किंमत १ येते, x एक असतानाही १ च. नव्या संकलनाची खालची सीमा १ आणि वरचीही १. जिथून निघालो तिथेच पोहोचलो, म्हणून उत्तर शून्य.

पण x² चा आलेख अक्षाच्या खाली कुठेच जात नाही. फक्त शून्यापाशी त्याला टेकतो. त्याच्याखालचे क्षेत्रफळ शून्य असणे शक्यच नाही. सरळ संकलन केले तर ते २/३ येते.

शून्य आले की निदान शंका तरी येते. तेच संकलन वजा एकपासून दोनपर्यंत करून पाहिले, तर चूक अधिक बेमालूम लपते. u = x² धरल्यावर du = 2x dx, म्हणून dx च्या जागी du/(2x) लिहायचे आणि x च्या जागी √u. सीमा १ ते ४.

∫ (√u / 2) du = u^(3/2) / 3

सीमा घातल्यावर (८ − १)/३, म्हणजे ७/३ मिळतात. उत्तर धन आहे, नीटनेटके आहे आणि चुकीचे आहे. x³/3 मध्ये २ आणि वजा १ घातले की (८ + १)/३, म्हणजे ३ मिळतात. मधले २/३ हरवले कुठे?

नदीचे खोरे डोळ्यांसमोर आणावे. वाटसरू अलीकडच्या उतारावरून खाली येतो, तळ गाठतो आणि पलीकडचा चढ चढतो. x ही त्याची आडवी जागा आणि u ही उंची. x वजा एकपासून दोनपर्यंत सरकतो, तेव्हा u आधी १ वरून ० वर उतरते आणि मग ० वरून ४ पर्यंत चढते. ० आणि १ यांमधली प्रत्येक उंची वाटेत दोनदा लागते. ‘मी पाव उंचीवर आहे’ एवढेच त्याने कळवले, तर तो अलीकडे आहे की पलीकडे, हे सांगता येत नाही.

विद्यार्थ्याने x = √u लिहिले, तेव्हा नकळत ‘वाटसरू पलीकडेच आहे’ असे ठरवून टाकले. √u कधी ऋण नसते. शून्याच्या डावीकडे खरे तर x = −√u. त्यामुळे डाव्या बाजूचे १/३ क्षेत्रफळ मिळवण्याऐवजी वजा झाले. फरक दुप्पट पडला: नेमका २/३.

दुरुस्तीसाठी वाट तळापाशी तोडायची. वजा एकपासून शून्यापर्यंत x = −√u घ्यायचा आणि u च्या सीमा १ पासून ० अशा लिहायच्या. dx चे ऋण चिन्ह आणि उलट्या सीमा एकमेकांना सावरतात, १/३ मिळतो. शून्यापासून दोनपर्यंत x = √u आणि सीमा ० ते ४; तिथे ८/३ मिळतात. बेरीज ३.

यावरून पुष्कळजण असा नियम काढतात, की u सतत वाढणारे किंवा सतत घटणारे नसेल तर ही रीत चालतच नाही. ते खरे नाही. 2x·x² चे वजा एकपासून दोनपर्यंत संकलन करायचे असेल, तर 2x dx हा अख्खा तुकडाच du आहे. कशालाच x ने भागावे लागत नाही, √u ही कुठे येत नाही. u चे १ ते ४ संकलन ७.५ आणि थेट काढलेले उत्तरही ७.५. खाली उतरतानाचा हिशेब ऋण आणि तेवढेच वर चढतानाचा धन, असा तो आपोआप फिटतो. म्हणजे दोष वळणाऱ्या वाटेचा नसून u वरून x उलटा शोधण्याचा आहे. u च्या एका किमतीला x च्या दोन किमती असताना एकच निवडली, की घोटाळा होतो.

ओळखायची खूण सोपी आहे. u चे विकलन करायचे आणि ते सीमांच्या आत कुठे चिन्ह बदलते का ते पाहायचे. x² चे विकलन 2x. ते शून्यापाशी ऋणाचे धन होते, म्हणून तिथे वाट तोडायची. x³ चे विकलन 3x² हेही शून्यापाशी शून्य होते, पण चिन्ह बदलत नाही. तिथे वाट वळत नाही आणि प्रत्येक u ला एकच x असतो.

संख्याशास्त्रात हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. वजा एक ते दोन यांमधली कोणतीही संख्या सारख्याच शक्यतेने निवडली आणि तिचा वर्ग केला, तर तो वर्ग १ पेक्षा कमी असण्याची शक्यता किती? फक्त धन वर्गमूळ धरणारा ० ते १ एवढाच पट्टा मोजतो आणि १/३ सांगतो. पण वजा अर्ध्याचा वर्गही पाव असतो. वजा एक ते शून्य हा पट्टा धरला, की शक्यता २/३ होते. वर्ग १ ते ४ मध्ये येण्याची शक्यता उरलेली १/३, आणि दोन्ही मिळून बरोबर १ भरते. ऋण पट्टा सोडणाऱ्याची बेरीज मात्र २/३ वरच अडते.