उशा किती लागतात?

बारसं झालं त्याच रात्री तिला खोकला सुरू झाला. आडवं झालं की खोकला वाढायचा, उठून बसलं की थांबायचा. गार वारं लागलं असेल म्हणून आईने शेगडी जवळ ओढली, ओव्याची धुरी दिली. चौथ्या रात्री ती पाठीशी तीन उशा घेऊन बसल्या बसल्याच झोपली. उतरलेली पावलांची सूज परत आली होती. ही बाळंतीण मी रचलेली आहे, पण डॉक्टरांना ती ओळखीची वाटेल.

बाळंतपणाच्या आसपास बाई अचानक कोसळण्याची दोन दुर्मीळ कारणं आहेत. त्यातलं एक आधी हाकच देत नाही. प्रसूतिकळा चालू असताना किंवा वार पडल्यावर अर्ध्या तासाच्या आत, बोलती बाई एकाएकी घाबरी होते, श्वास अडतो, बीपी कोसळतं, कधी हृदयच थांबतं. याला अ‍ॅम्निऑटिक फ्लुइड एम्बोलिझम म्हणतात. काही दहा हजार बाळंतपणांत एखादं. गर्भजलातल्या पेशी आणि लव फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत बूच मारतात, असं 1941 पासून मानलं जाई. पण तशाच पेशी धडधाकट बायकांच्या रक्तातही सापडल्या. आता शरीराच्या तीव्र प्रतिक्रियेला दोष दिला जातो: फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याला रक्त पुढे ढकलता येत नाही. त्यातून वाचलेल्या बाईचं रक्त पुष्कळदा गोठेनासं होतं. साध्या काचेच्या नळीत घेतलेलं रक्त दहा मिनिटांनीही पातळच राहिलं, तर डॉक्टर समजतात. खात्रीची तपासणी नाही. हृदय थांबलं तर छाती दाबायची, गर्भाशय डावीकडे सरकवायचं, आणि चार-पाच मिनिटांत हृदय सुरू झालं नाही तर तिथल्या तिथे बाळ बाहेर काढायचं.

दुसरं कारण हाक देतं, पण ती बाळंतिणीच्या थकव्यात हरवते. तीन उशांचा अर्थ असा: आडवं झाल्यावर पायांतलं रक्त छातीकडे येतं, दुबळ्या डाव्या कप्प्याला ते उपसता येत नाही आणि फुप्फुसात पाणी साचतं. या पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथीत शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत हृदयाचा स्नायू सैल पडतो. छातीचा इको केला की उघड होतं. निरोगी कप्पा दर ठोक्याला निम्म्याहून जास्त रक्त बाहेर टाकतो, इथे 45 टक्क्यांहून कमी. आमच्या बाळंतिणीचा आकडा 28 आला. मंदावलेल्या रक्तात गाठ धरून ती मेंदूकडे जाऊ शकते, ठोके बिघडू शकतात. अचानक कोसळणं इथूनच येतं.

पाणी उतरवणारी आणि हृदयाला आधार देणारी औषधं सुरू झाली. सहा महिन्यांनी आकडा 54 झाला. अनेकींचं हृदय असं सावरतं, सगळ्यांचं नाही. मग ती दुसऱ्या मुलाचं विचारायला गेली. डॉक्टरांनी आधी गर्भनिरोधनाची विचारपूस केली: सावरलेलं हृदयसुद्धा पुढच्या गरोदरपणात पुन्हा खचू शकतं.