वर्षभरापूर्वीची हिरवी खूण

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एखादी चूक सापडली तर ती दुरुस्त करायला कोणाची परवानगी लागत नाही. कोडची आपली प्रत करून घ्यायची, तिच्यात बदल करायचा आणि मूळ प्रकल्पाला कळवायचं, ‘हा बदल तुमच्याकडे सामावून घ्या.’ या विनंतीला पुल रिक्वेस्ट म्हणतात. ती स्वीकारायची की नाही, हे प्रकल्प सांभाळणारा मेंटेनर ठरवतो. स्वीकारली, म्हणजे ‘मर्ज’ केली, की तो बदल मुख्य कोडचा भाग होतो.

पाठवणाऱ्याचं काम एखाद्या संध्याकाळी उरकतं. मेंटेनरला मात्र दुसऱ्याच्या डोक्यातला विचार कोडवरून ओळखायचा असतो आणि मर्ज केल्यानंतर त्या कोडची जबाबदारीही त्याच्यावरच येते. बहुतेक छोट्या प्रकल्पांना एकच मेंटेनर असतो, तोही नोकरी सांभाळून हे करणारा. त्यामुळे विनंत्या साचतात. सुट्टीचा दिवस मोकळा मिळाला की तो हा ढीग उपसायला बसतो, आणि मग कळतं की जुनी पुल रिक्वेस्ट तपासणं हे नवी तपासण्यापेक्षा वेगळंच काम आहे.

असा एक रविवार उदाहरण म्हणून रचून पाहू. पुण्यातली एक प्रोग्रामर पायथनमधली एक छोटी लायब्ररी सांभाळते. लायब्ररी म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून घ्यायचा तयार कोड. तिच्या लायब्ररीचं काम एकच: रुपयांची रक्कम आपल्याकडच्या पद्धतीने, लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह लिहून देणं. यादीत २९ पुल रिक्वेस्ट उघड्या आहेत. ती यादी ‘सर्वांत जुनी आधी’ अशी लावते, कारण वरून सुरुवात केली तर हात नेहमी ताज्या आणि सोप्या गोष्टींकडे जातो.

पहिल्या फेरीत ती कोड वाचतच नाही. प्रत्येक विनंतीला ती एकच प्रश्न विचारते: ज्या त्रासासाठी हा बदल केला होता, तो आज उरला आहे का? उत्तर अंदाजाने द्यायचं नाही, करून पाहायचं. एकाने लिहिलं होतं की ऋण रकमेत वजाचं चिन्ह रुपयाच्या चिन्हानंतर येतं. ती तशी रक्कम आजच्या कोडला देऊन बघते. चिन्ह योग्य जागी येतं. मधल्या काळात दुसऱ्या कोणीतरी तीच चूक सुधारलेली आहे. आणखी एक बदल फक्त पायथन ३.८ वर चालणाऱ्यांसाठी होता. त्या आवृत्तीचा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला आणि तिच्या लायब्ररीनेही ती सोडली. अशा ९ विनंत्या पहिल्याच तासात बंद होतात.

बंद करताना ती प्रत्येक ठिकाणी कारण लिहिते: कोणत्या बदलामुळे ही चूक आधीच गेली, आपण काय चालवून पाहिलं, आणि उत्तर द्यायला उशीर झाला. ही तीन वाक्यं लिहायला लागणारी मिनिटं वाया जात नाहीत. तीच अडचण घेऊन पुढे येणाऱ्याला तिथे उत्तर सापडतं. ज्याने फुकट मेहनत केली त्याला ती कुठे गेली हेही कळतं, आणि तेवढा त्याचा हक्कच आहे.

काही मोठे प्रकल्प हे काम यंत्रावर सोपवतात. कुबरनेटिसमध्ये ९० दिवस हालचाल झाली नाही की पुल रिक्वेस्टवर ‘stale’ अशी चिठ्ठी लागते, आणखी ३० दिवसांनी ‘rotten’, आणि त्यानंतर ३० दिवसांनी ती बंद होते. हजारो विनंत्या येतात तिथे दुसरा मार्ग सापडणं कठीण आहे. छोट्या प्रकल्पात मात्र ही पद्धत अन्याय करते. घड्याळाला फक्त शांतता दिसते. ती पाठवणाऱ्याच्या बाजूने आहे की मेंटेनरच्या, हे त्याला कळत नाही. काम पुरं करून उत्तराची वाट बघणाऱ्याची विनंतीही सोडून दिलेल्या विनंतीसारखीच बंद होते.

आता ११८ क्रमांकाची पुल रिक्वेस्ट. वर्षभरापूर्वीची, नीटनेटकी. पावतीच्या तळाशी एकूण रकमेची ओळ छापणारं एक नवं फंक्शन तिच्यात आहे:

```python
def total_line(amounts):
    return "एकूण: " + format_amount(sum(amounts))
```

१२०० आणि १२५० रुपये दिले की ‘एकूण: ₹2,450.00’ अशी ओळ मिळावी, हे तपासणारी टेस्टही सोबत आहे. पानावर दोन गोष्टी दिसतात: मुख्य कोडशी कुठेही कॉन्फ्लिक्ट नाही आणि सगळ्या टेस्टसमोर हिरवी खूण आहे. मर्जचं बटण दाबलं तर काम क्षणात संपेल.

या दोन्ही खुणा खऱ्या आहेत आणि तरीही फसव्या आहेत. त्यानंतर काही महिन्यांनी लायब्ररीत एक मोठा बदल झाला. आधी `format_amount` रुपये घेत असे. पण संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि त्यात बारीक फरक पडतो, पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारलं तर तो `0.30000000000000004` असं उत्तर देतो. पैशाच्या हिशेबात हे चालत नाही. म्हणून तेच फंक्शन आता पूर्ण संख्येत पैसे घेतं. २,४५० रुपयांसाठी त्याला 245000 द्यावे लागतात.

गिट हे अर्थ पाहत नाही, ओळी पाहतं. जुन्या पुल रिक्वेस्टने एक नवी फाइल जोडली. लायब्ररीतला मोठा बदल दुसऱ्याच फाइलमध्ये झाला. दोघांनी एकाच ओळीला हात लावला नाही, म्हणून कॉन्फ्लिक्ट नाही. हिरव्या खुणेचं कारण आणखी साधं आहे. गिटहबवर पुल रिक्वेस्टची टेस्ट सहसा, तो बदल त्या दिवशीच्या मुख्य कोडमध्ये तात्पुरता मिसळून घेतली जाते. नंतर मुख्य कोड पुढे सरकला तरी ती आपोआप पुन्हा चालत नाही. ती खूण वर्षभरापूर्वीच्या लायब्ररीबद्दल बोलते, आणि ती लायब्ररी आता राहिलेली नाही.

गिटहबवरच जुनी टेस्ट पुन्हा चालवावी म्हटलं तर तिथे ३० दिवसांची मर्यादा आहे. म्हणून ती बदल आपल्या संगणकावर आणते:

```
git fetch origin pull/118/head:pr-118
git switch pr-118
git rebase main
pytest
```

बदल मुळात पाठवणाऱ्याच्या प्रतीत, म्हणजे फोर्कमध्ये आहे आणि तिथे लिहिण्याची परवानगी त्याने दिलेली नाही. तरी पहिली आज्ञा चालते, कारण पुल रिक्वेस्टचे कमिट मूळ प्रकल्पाकडेही जपलेले असतात. `rebase` ते कमिट उचलून आजच्या मुख्य कोडवर पुन्हा मांडतो. मग टेस्ट चालतात आणि एक लाल होते: हवं होतं ‘₹2,450.00’, आलं ‘₹24.50’.

पाठवणाऱ्याने टेस्ट लिहिली नसती तर काहीही लाल झालं नसतं. शंभरपटीने कमी रक्कम दाखवणाऱ्या पावत्या कोणत्या तरी दुकानातून बाहेर पडल्या असत्या आणि चूक ग्राहकाच्या किंवा दुकानदाराच्या लक्षात येईपर्यंत तशीच राहिली असती. म्हणूनच टेस्ट नसलेल्या जुन्या विनंत्यांपाशी ती जास्त थांबते. त्यांच्यासाठी आधी स्वतः टेस्ट लिहायची, मग कोड मुद्दाम मोडून ती लाल होते का हे बघायचं. मोडलेल्या कोडवरही हिरवी राहणारी टेस्ट काहीच तपासत नसते.

११८ ची दुरुस्ती दोन प्रकारे होऊ शकते. नव्या फंक्शनमध्ये शंभराने गुणलं की जुनी टेस्ट पास होईल. पण मग एकाच लायब्ररीत एक फंक्शन रुपये घेईल, दुसरं पैसे, आणि वापरणारा कधीतरी गोंधळेलच. ती दुसरा मार्ग निवडते. `amounts` हे नाव बदलून `paise_amounts` करते, टेस्टमध्ये 120000 आणि 125000 घालते आणि वापराच्या माहितीत एक वाक्य वाढवते. हे ती स्वतःच्या वेगळ्या कमिटमध्ये ठेवते. रिबेस केल्यावरही मूळ कमिटवर पाठवणाऱ्याचंच नाव राहतं, त्यामुळे श्रेय ज्याचं त्याला मिळतं. सगळं एका कमिटमध्ये एकवटायचं असतं तर तळाशी `Co-authored-by:` ही ओळ लिहून दोघांची नावं राखता आली असती. फोर्कमध्ये लिहिण्याची परवानगी नसल्याने मूळ पुल रिक्वेस्टमध्ये भर घालता येत नाही. म्हणून ती नवी पुल रिक्वेस्ट उघडून जुनीत तिचा दुवा देते.

एवढ्या एका विनंतीला दुपारचे दोन तास जातात. २९ चा ढीग एका बैठकीत का संपत नाही, हे यावरून लक्षात यावं. मदतीला आणखी कोणी घ्यावं असं वाटणं स्वाभाविक आहे. पण इथे ‘एक्सझेड युटिल्स’ची हकीकत आठवावी लागते. फाइल दाबून लहान करणारं हे साधन अनेक लिनक्स प्रणालींत असतं आणि लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं विनामोबदला सांभाळत होते. २०२२ मध्ये बदल वेळेवर घेतले जात नाहीत, अशी तक्रार करत काही अनोळखी लोकांनी त्यांच्यामागे लकडा लावला. कॉलिन यांनी आपल्या मानसिक स्वास्थ्याच्या अडचणी मोकळेपणाने सांगितल्या आणि हा छंद म्हणून, पैसे न घेता चाललेला प्रकल्प आहे याची आठवण दिली. पुढे ‘जिया टॅन’ या नावाने मदत करणाऱ्याला मेंटेनरचे अधिकार मिळाले, आणि २०२४ च्या सुरुवातीला निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत घुसखोरीसाठी चोरदरवाजा शिरला. अँड्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या संगणकात लॉगिन करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा वेळ जाणवला, त्यांनी त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ ला तो दरवाजा उघड केला. लकडा लावणारे आणि मदतीला आलेला एकाच कटातले असावेत, असा बहुतेक अभ्यासकांचा कयास आहे.

म्हणून मर्जचा अधिकार तिने अजून कोणाला दिलेला नाही. इतरांनी येऊन विनंत्या तपासाव्यात आणि आपण काय चालवून पाहिलं ते लिहावं, एवढं मात्र तिला हवं असतं. त्यासाठी कोणत्याही अधिकाराची गरज लागत नाही, आणि कोण किती बारकाईने पाहतो हेही त्यातून काही महिन्यांत कळतं.

संध्याकाळी दोन विनंत्या मर्जसाठी तयार आहेत, पण ती त्या एकापाठोपाठ एक झटपट दाबत नाही. पहिली मर्ज झाली की मुख्य कोड बदलतो आणि दुसरीची हिरवी खूण पुन्हा जुनी होते, मग ती दहा मिनिटांपूर्वीची का असेना. रस्ट भाषेच्या प्रकल्पात बॉर्स नावाचा प्रोग्रॅम हे सांभाळतो: बदल आधी आजच्या मुख्य कोडशी जोडायचा, त्या जोडावर टेस्ट चालवायच्या, आणि त्या पास झाल्या तरच मुख्य कोड पुढे सरकवायचा. गिटहबनेही २०२३ मध्ये ‘मर्ज क्यू’ या नावाने अशीच सोय सर्वांसाठी खुली केली, पण ती वैयक्तिक खात्यावरच्या प्रकल्पांना मिळत नाही. तिची लायब्ररी तशीच असल्याने ती हे हाताने करते: पहिली मर्ज, दुसरीचा रिबेस, टेस्ट, मग दुसरी मर्ज. लायब्ररीची नवी आवृत्ती मात्र ती आज काढत नाही. काही बिघडलं तर बघायला सोमवारी दिवसभर तिला वेळ नसेल, म्हणून ते काम ती पुढच्या शनिवारी सकाळवर ठेवते.