मात्रेचा ताळा: ‘आठवड्यातून’ हा एक शब्द गळाला तेव्हा

माननीय संपादक महोदय,



आपल्या मासिकाच्या गेल्या अंकातील मराठी विभागात ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. दिवसभर पेढीवर बसणाऱ्या आपल्या व्यापारी कुटुंबांना ऊन क्वचितच लाभते. त्यामुळे विषयाची निवड योग्यच होती. मात्र त्या लेखातील एक वाक्य तातडीने दुरुस्त व्हायला हवे. ते वाक्य असे होते: ‘60,000 युनिटचे एक पाउच दिवसातून एकदा, आठ आठवडे घ्यावे.’

हिंदी विभागातील मूळ लेखात ‘सप्ताह में एक बार, आठ सप्ताह तक’ असे स्पष्ट छापले आहे. म्हणजे एकूण आठ पाउच. मराठी वाक्याप्रमाणे हिशेब केला तर आठ आठवड्यांचे दिवस छप्पन्न, म्हणून पाउचही छप्पन्न होतात.

भूम येथे माझे औषधांचे दुकान आहे. ही चूक माझ्या ध्यानात आली ती लेख वाचून नव्हे, गल्ल्यावर बसल्यामुळे. एका परिचित काकूंच्या नातवाने येऊन एकदम तीस पाउच मागितले. एवढी कशाला, असे विचारता त्याने आपल्या मासिकाचे कात्रण पुढे केले. काकूंनी आधीच्या गावाहून आणलेली पाउचे संपत आली होती. त्या एकोणीस दिवस रोज एक पाउच दुधात घेत होत्या. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते, म्हणून आपल्या अनेक घरांत पाउचच पसंत केले जाते.

मी त्यांच्या घरी गेलो. भूक मंदावली होती, बद्धकोष्ठ होते, घसा सारखा कोरडा पडत होता आणि लघवीला वारंवार जावे लागत होते. घरच्यांनी हे सारे मधुमेहाचे लक्षण समजून साखर तपासून घेतली होती. ती ठीक आली, म्हणून सगळे निश्चिंत झाले. मी त्यांना पाउच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. डॉक्टरांनी रक्तातील कॅल्शियम तपासले. ते साधारणपणे 8.5 ते 10.5 मिलिग्रॅमच्या दरम्यान असते, काकूंचे 11.9 होते.

येथे कारण समजून घेणे आवश्यक आहे. प्रौढ माणसाची या जीवनसत्त्वाची रोजची गरज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2020 मध्ये 600 युनिट धरली आहे. म्हणजे 60,000 युनिटचे एक पाउच शंभर दिवसांच्या गरजेइतके आहे. कमतरता असलेल्या शरीराची रिकामी कोठी भरण्यासाठी ते आठवड्यातून एकदा दिले जाते. रोज एक याप्रमाणे छप्पन्न पाउचे घेतली, तर सुमारे पंधरा वर्षांची गरज दोन महिन्यांत पोटात जाते. ‘ब’ गटातील बहुतेक जीवनसत्त्वांचा जादा भाग लघवीवाटे निघून जातो. ‘ड’ जीवनसत्त्व मात्र चरबीत साठते आणि औषध थांबवल्यावरही कित्येक आठवडे काम करीत राहते. ते आतड्यांतून कॅल्शियम अधिक शोषून घेते, हाडांतूनही काढते. रक्तात वाढलेले हे कॅल्शियम मूत्रपिंडावर ताण आणते, तेथे साचू शकते, मुतखडा करू शकते. फार वाढले तर उलट्या होतात, गुंगी व भ्रमही येतो.

आपल्या समाजात या धोक्याला आणखी एक पदर आहे. वाढलेले कॅल्शियम शरीरातील पाणी लघवीवाटे बाहेर टाकते. अशा वेळी चौविहार असेल, किंवा उपवासात पाणीही वर्ज्य असेल, तर शरीर कोरडे पडते आणि कॅल्शियम आणखी वर चढते. काकूंनी पर्वातील उपवासांचा संकल्प केला होता. डॉक्टरांनी भरपूर पाणी पिण्यास सांगितले. काकूंनी महाराजांची आज्ञा घेऊन संकल्प पुढे ढकलला. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा कॅल्शियम मर्यादेत आले होते.

चूक झाली कशी, हे मी आपल्या कार्यालयात दूरध्वनी करून विचारले. आपण ते प्रांजळपणे सांगितलेत, याबद्दल आभारी आहे. मूळ वाक्यात ‘सप्ताह’ शब्द दोनदा आला होता. अनुवादकाला ती पुनरुक्ती वाटली, म्हणून त्यांनी ‘एकदा, आठ आठवडे’ असे सुटसुटीत केले. मुद्रितशोधकांना ‘एकदा’ हा शब्द अधांतरी वाटला, म्हणून त्यांनी ‘दिवसातून’ जोडले. दोघांनीही भाषा सुधारण्याचाच प्रयत्न केला आणि मात्रा सातपट झाली. ललित लेखात पुनरुक्ती हा दोष असेल. औषधाच्या वाक्यात तीच राखण आहे.

अशी चूक आपल्याकडेच होते असे नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील औषध दुकानांत स्पॅनिश भाषेत छापल्या जाणाऱ्या चिठ्ठ्यांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजीत ‘वन्स’ म्हणजे एकदा. तोच शब्द अनुवादाविना स्पॅनिश चिठ्ठीत राहिला, तर त्याच अक्षरांचा अर्थ तेथे ‘अकरा’ होतो. दिवसातून एकदाची गोळी वाचणाऱ्याला दिवसातून अकरा वेळा घ्यावीशी वाटेल!

म्हणून माझी विनंती अशी की, मात्रेचे वाक्य तीन अंगांनी छापावे: किती वेळाने, कोणत्या वारी आणि एकूण किती. ‘आठवड्यातून एकदा, उदाहरणार्थ दर रविवारी, एक पाउच, आठ रविवार, एकूण आठ पाउच.’ यातील एक शब्द छपाईत गळाला तरी उरलेले दोन त्याला पकडतात. आपण व्यापारी माणसे रोजमेळाचा ताळा जुळल्याशिवाय वही मिटत नाही. औषधाचाही ताळा घालावा. दुकानातही एक खूण सापडते: 60,000 युनिटच्या कॅप्सूलची पट्टी बहुधा चारचीच असते, कारण महिन्याचे आठवडे चार.

दुरुस्ती शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत न देता त्याच विभागात, तेवढ्याच ठळक अक्षरांत द्यावी. चुकीचे व बरोबर अशी दोन्ही वाक्ये छापावीत. आपल्या घरांत अंक जपून ठेवतात, कात्रणे कपाटाच्या दाराला चिकटवतात. ती काढून टाकण्याचेही आवाहन करावे.

ज्यांनी लेख वाचून रोज पाउच घेतले असेल, त्यांनी ते आजच थांबवावे आणि डॉक्टरांना घेतलेल्या पाउचांची संख्या सांगून कॅल्शियम व मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. मुतखडा किंवा क्षयरोग असल्यास तेही सांगावे. मात्र काही रुग्णांना अहवाल पाहून डॉक्टर थोडे दिवस रोजची मात्रा देतात. ज्यांच्या हाती अशी स्वतःची चिठ्ठी आहे, त्यांनी माझ्या पत्रावरून त्यात बदल करू नये. आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

काकू आता बऱ्या आहेत. ते कात्रण त्यांनी माझ्याकडे दिले. त्यावरील ‘दिवसातून’ हा शब्द खोडून त्यांनी स्वतःच्या हाताने ‘रविवारी’ असे लिहिले आहे. सोबत त्याची प्रत पाठवीत आहे.

आपला नियमित वाचक,
एक औषधविक्रेता
भूम, जि. धाराशिव