सोंग किती जणांनी घ्यायचं?

कढीपत्त्याच्या झाडाभोवती एखादं मोठं काळं फुलपाखरू घुटमळताना दिसलं, तर जरा थांबून पाहावं. मागच्या पंखांच्या मधोमध पांढरे डाग, कडेला लाल चंद्रकोरी आणि खाली दोन शेपट्या. एवढं पाहून नवखा निरीक्षक त्याला ‘कॉमन रोझ’ म्हणून मोकळा होतो. पण त्याचं अंग बघा. कॉमन रोझच्या पोटावर आणि डोक्यावर लालभडक रंग असतो, हिचं अंग मात्र काळं आहे. ही कॉमन मॉर्मनची मादी आहे आणि ती अंडी घालायला कोवळं पान शोधते आहे. तिचा नर काळा असतो आणि त्याच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा एक पट्टा असतो, बाकी काही नाही. लाल-पांढरा पोशाख काही माद्यांपुरताच, आणि तो दुसऱ्या फुलपाखराचा आहे.

कॉमन रोझची अळी ईश्वरीच्या म्हणजे सापसंदाच्या वेलीवर वाढते. या वेलीतली विषारी आम्लं अळी आपल्या शरीरात साठवते आणि ती पुढे फुलपाखरातही उतरतात. त्यामुळे ते पक्ष्यांना खाववत नाही. असं फुलपाखरू संथ उडतं, रंग मिरवतं. त्याला दडून राहायची गरज नसते, उलट ओळखू येण्यातच त्याचा फायदा असतो. लिंबू-कढीपत्त्यावर पोसलेली मॉर्मनची मादी चवीला वाईट नसते. ती रोझसारखीच सावकाश उडते, पण जवळून दचकली तर वेडीवाकडी सुसाट सुटते. झाडाशी उभं राहून पाहणाऱ्याला हा फरक रंगापेक्षाही लवकर कळतो.

खाण्याजोग्या प्राण्याने न खाण्याजोग्याचं रूप घ्यायचं, ही गोष्ट हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गवैज्ञानिकाने 1862 साली मांडली. त्याआधी त्याने अॅमेझॉनच्या जंगलात 11 वर्षं काढली होती. ती कल्पना आता शाळकरी पुस्तकातही आली आहे. मला त्यातला पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. पक्षी जन्मतः लाल-पांढऱ्या पंखांना घाबरत नसेल, तर त्याला ती भीती शिकावी लागते. शिकायचं म्हणजे चाखून पाहायचं. मग त्याच्या चोचीत आधी कोण येतं, यावर सगळं अवलंबून राहतं.

हिशोब सोपा आहे. समजा, एका रानात या नक्षीची जी फुलपाखरं उडताहेत, त्यात दहापैकी आठ अस्सल रोझ आहेत आणि दोन सोंगाडी. घरट्यातून नुकताच बाहेर पडलेला पक्षी त्यातली तीन पकडतो. तिन्ही सोंगाडीच निघतील, अशी वेळ हजारात जेमतेम आठ पक्ष्यांवर येईल. बाकी बहुतेकांना लवकरच एक कडू घास मिळेल आणि मग ते त्या नक्षीकडे फिरकणार नाहीत. आता प्रमाण निम्मं-निम्मं करा. तीनही घास गोड लागलेले पक्षी आठात एक निघतील. दहापैकी आठ सोंगाडी झाले, तर निम्म्याहून अधिक पक्षी तीन-तीन फुलपाखरं खाऊनही कडू चवीला मुकतील. त्यांच्या लेखी लाल-पांढरे पंख म्हणजे चांगलं खाणं. नक्षी तीच असते, पण तिचा अर्थ उलटा होतो. त्याची किंमत सोंगाड्यांबरोबर खऱ्या रोझलाही मोजावी लागते, कारण पक्षी आता त्यांच्यावरही झडप घालतो.

हा हिशोब पक्ष्यांवर पडताळून पाहिला जेन ब्रॉवर या अमेरिकन संशोधिकेने. 1960 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या प्रयोगात पक्षी होते आपल्या साळुंकीच्या कुळातले स्टारलिंग आणि भक्ष्य होतं मीलवर्म, म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळ्या. काही अळ्या तिने क्विनाइनच्या कडू द्रावणात बुडवल्या आणि त्यांना हिरव्या रंगाचा पट्टा दिला. या झाल्या अस्सल. दुसऱ्या काही अळ्यांनाही तोच हिरवा पट्टा होता, पण त्या नुसत्या पाण्यात बुडवलेल्या होत्या. वेगवेगळ्या पक्ष्यांपुढे सोंगाड्यांचं प्रमाण वेगवेगळं ठेवलं, दहा टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत. साठ टक्के अळ्या सोंगाडी असतानाही त्यातल्या सुमारे 80 टक्के वाचल्या. नव्वद टक्क्यांवर मात्र जेमतेम 17 टक्के वाचल्या.

यातला साठचा आकडा मला फार बोलका वाटतो. सोंगाडी अस्सलांपेक्षा कमीच असले पाहिजेत, असा सरधोपट समज आहे. तो इथे मोडतो. चव पुरेशी वाईट असेल, तर एक कडू घास बरेच गोड घास पुसून टाकतो. चव सौम्य असेल, तर पक्षी पुन्हा पुन्हा धोका पत्करतो आणि सोंगाला कमी जागा उरते. आजूबाजूला दुसरं खाणं भरपूर असेल तर संशयास्पद नक्षी सोडून देणं परवडतं; उपाशी पक्ष्याला ते परवडत नाही. शिवाय पक्षी विसरतात आणि दर हंगामात कोऱ्या पाटीची नवी पिल्लं रानात येतात. म्हणून सोंगाड्यांचं एकच ठरावीक सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. जागेनुसार आणि ऋतूनुसार ते हलत राहतं.

दोघंही खरोखर कडू असतील, तर हे गणित फिरतं. फ्रिट्झ म्युलरने 1870च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं की अशा दोन जातींनी एकच नक्षी वापरली, तर पक्ष्यांच्या शिक्षणात जाणारे बळी दोघींत वाटले जातात. तिथे गर्दी वाढली की प्रत्येकाचा फायदाच. मॉर्मनच्या सोंगात गर्दी हाच धोका आहे.

आणि मॉर्मनच्या माद्यांकडे पाहिलं की या धोक्याची खूण दिसते. या एकाच जातीत माद्यांची अनेक रूपं आहेत. भारतात त्यातली तीन मुख्य. एक कॉमन रोझसारखं. दुसरं क्रिमझन रोझसारखं, पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्यांवर लाल ठिपके असलेलं. तिसरं सरळ नरासारखं, कसलंही सोंग नसलेलं. एकाच अस्सलाची नक्कल करणाऱ्या माद्या फार झाल्या, की पक्ष्यांचा धाक कमी होतो आणि त्या रूपाचा फायदा ओसरतो. त्या वेळी दुसऱ्या अस्सलाचं विरळ सोंग जास्त तगतं. ही रूपं ठरतात ‘डबलसेक्स’ नावाच्या एका जनुकामुळे. फुलपाखरांवरील कामासाठी ओळखले जाणारे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हे दाखवून दिलं. एकच जनुक असल्यामुळे पोशाख पूर्ण उतरतो, अर्धामुर्धा नाही. दोन अस्सलांच्या मधलं काहीतरी घेऊन जन्मलेली मादी कोणत्याच पक्ष्याला फसवू शकली नसती.

जपानच्या दक्षिणेकडच्या मियाको बेटावर तर हा सगळा प्रकार घडताना पाहता आला. मॉर्मन तिथे आधीपासून होतं. कॉमन रोझ मात्र 1970च्या दशकात येऊन स्थिरावलं. त्यानंतरच्या वर्षांत तिथल्या मॉर्मनच्या माद्यांमध्ये रोझची नक्कल करणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं. रोझ येण्याआधी त्या पोशाखाला बेटावरचा पक्षी कशाला घाबरला असता? तो धडा देणारं कुणी तिथे नव्हतंच.